ठकूबाय : आजींच्या बोलीच्या कामाच्या नोंदी

२ जून २०२५

आजींचं बोलणं ऐकून कामं करणारं यंत्र आज बसवलं. येरळेकाठचं गाव, तालुका खटाव. घराच्या पुढं पत्र्याची पडवी, आत सोपा आणि चुलीची खोली. आजींचं वय ७८. नजर कमी झाल्यामुळे मोबाइलवर नाव शोधून फोन लावणं जमत नाही. नुसतं बोलून काम व्हावं, एवढीच घरच्यांची मागणी.

कामं चारच घेतली: लेकींना फोन, रेडिओ चालू-बंद, सांगितलेल्या वेळी हाक, आणि विहिरीवर तिन्ही फेज आलेत का ते सांगणं. मोटर चालू करणं मुद्दाम घेतलेलं नाही. यंत्रानं एक शब्द चुकीचा ऐकला आणि त्या वेळी कुणी स्टार्टरपाशी काम करत असलं तर काय होईल, हे सांगायला नको. फेज आहेत की नाहीत एवढं बघून सांगायचं, हात लावायचा नाही.

सामान: रास्पबेरी पाय ५ हा छोटा संगणक (८ जीबी), यूएसबीवरची चार माइकची पट्टी, ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर, मागे छोटा बॅटरी बॅकअप. लाईट दिवसातून बऱ्याचदा जाते. लिहिणं चालू असताना वीज गेली की मेमरी कार्ड बिघडतं, म्हणून कार्ड फक्त वाचण्यापुरतं ठेवलं आणि रेकॉर्डिंग वेगळ्या एसएसडीवर घेतलं. १६ किलोहर्ट्झ, १६ बिट, एका वाहिनीचा आवाज तासाला साधारण ११५ एमबी जागा खातो, तेव्हा जागेची काळजी नाही.

बोलणं ओळखून लिहिणारं मॉडेल व्हिस्परचं small, २४ कोटी ४० लाख पॅरामीटरचं. ते घरातल्या डेस्कटॉपवर चालतं. पाय फक्त ऐकून आवाज पुढे पाठवतो. व्हिस्पर तीन सेकंदांचं वाक्यसुद्धा ३० सेकंदांच्या चौकटीत घालूनच बघतं, त्यामुळे पायवर उत्तराला फार वेळ लागत होता. भाषा `language="mr"` अशी बांधून दिली. मोकळी सोडली तर आजींची काही वाक्यं हिंदी समजून लिहिली जातात.

उत्तरं यंत्राच्या आवाजात नाहीत. सूनबाईंच्या आवाजात वीस-बावीस वाक्यं भरून ठेवली: "लाईट हाय, तिन्ही बी हायत", "लावला बगा फोन". ओळखीचा आवाज आला की आजी लगेच पुढचं बोलतात.

५ जून

हाक मारायचा शब्द ठरला. आधी 'बाय' घेतला होता, पण तो पडवीत दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या तोंडात असतो आणि यंत्र उगाच जागं होतं. आजी परवापासून यंत्राला 'ठकूबाय' म्हणायला लागल्या आहेत. तोच घेतला. चार अक्षरं, सुरुवातीला ठ आणि क असे ठसठशीत आवाज, आणि घरात या नावाचं कुणी नाही.

९ जून

परीक्षेची साठ वाक्यं पक्की केली. आजी पहिल्या आठवड्यात सहज जे बोलल्या त्यातूनच घेतली, वाचून घेतलेलं एकही नाही. ही वाक्यं कुलपात. शिकवण्याच्या साठ्यात यातलं एकही जाणार नाही, त्यातल्यासारखं दुसऱ्यांदा बोललेलंही नाही.

न शिकवलेल्या मॉडेलनं साठांपैकी अकरा वेळा बरोबर काम केलं. काय बोललं आणि काय लिहिलं, यातली तीन उदाहरणं:

"वाईच रेडू लाव." लिहिलं: वाईट रेडिओ लाव.

"थोरलीला फोन लाव." लिहिलं: ठरलेला फोन लाव.

"सांच्याला पाचाला हाक मार." लिहिलं: साच्याला पाचला हात मार.

तिन्ही चुका एकाच जातीच्या आहेत. ऐकायला आलं ते जवळपास बरोबर, पण लिहिताना मॉडेलनं आपल्याला माहीत असलेला जवळचा शब्द घातला. 'वाईच' त्यानं कधी लिहिलेलं पाहिलं नाही, 'वाईट' हजारो वेळा पाहिलंय. म्हणजे नुसता माइक बदलून हे सुटणारं नाही.

शेवटच्या वाक्यात आणखी एक गोष्ट आहे. 'गजर लाव' असं आजी कधीच म्हणत नाहीत. उठवायचं असो की आठवण द्यायची असो, 'हाक मार'. आणि फोनच्या यादीत लेकींची नावं आहेत, पण आजी थोरली, मधली आणि धाकली एवढंच म्हणतात. हे दोन्ही बदल मॉडेलमध्ये नाही, लिहिलेल्या शब्दांवरून काम ठरवणाऱ्या पुढच्या तक्त्यात केले. तक्त्यात आता नाव नाही, नातं आहे.

२१ जून

पहिली ४० मिनिटं लिहून काढली. तिघांनी वाटून घेतली आणि तिथंच घोळ झाला.

एकच वाक्य दोघांकडे गेलं होतं. आजी म्हणाल्या होत्या, "पानी तापलं न्हाई आजून." एकानं लिहिलं 'पाणी तापलं नाही अजून', दुसऱ्यानं ऐकलं तसं. पहिल्याची चूक म्हणता येत नाही. आपला हात शाळेपासून तसाच वळलेला आहे. कान 'पानी' ऐकतो आणि बोटं 'पाणी' टाइप करतात. पण मॉडेल आवाज आणि अक्षरं यांचीच जोडी शिकतं. त्याच आवाजाला एकदा ण आणि एकदा न दिला की ते दोन्हींच्या मध्ये लटकतं.

ठरवलेला नियम: कानाला आलं तसं लिहायचं, अर्थ तक्ता बघून घेईल. न्हाई, हाय, व्हय, येळ, इचार, हीर, कवा, तवा, पोरास्नी. जिथं आजी खरंच ण म्हणतात तिथं ण. तसं घडतं: हरिपाठ म्हणताना त्यांचा ण स्वच्छ असतो, उठून चुलीशी गेल्या की पुन्हा न. म्हणून अंदाजानं सगळीकडे न लिहायचं नाही, प्रत्येक वेळी ऐकायचं.

लिहिलेलं प्रत्येक दहावं वाक्य दुसऱ्यानं आधीचं न बघता लिहायचं आणि जुळवून बघायचं. जुळलं नाही तर तिघांनी मिळून ऐकायचं.

२४ जून

'ऱ्हाऊ दे' हे पडद्यावर एकसारखं दिसतं, पण फाइलमध्ये दोन तऱ्हांनी पडलंय. एका कीबोर्डवर तो चंद्रकोरीसारखा र थेट येतो, दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि न दिसणारं जोडचिन्ह मिळून बनतो. मॉडेलच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. शिकवण्याआधी सगळं एका तऱ्हेवर आणलं:

```python
s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
```

८ जुलै

पहिलं शिकवणं झालं. १ तास ५० मिनिटांचा साठा, शिकण्याचा दर 1e-5, भाड्याच्या १६ जीबीच्या जीपीयूवर. चुकांचा आकडा इतका झटकन उतरला की खात्री वाटेना. त्याच रात्री साठ वाक्यं हातानं तपासली, तर त्यात 'होय' आणि 'हाय' यांची अदलाबदल सर्रास होती, आणि आकडा मात्र ती चूक मोजतच नव्हता.

कारण सापडलं. मोजण्याआधी मजकूर 'स्वच्छ' करायला व्हिस्परच्या सोबत येणारी जी रीत आहे, ती विरामचिन्हांसोबत युनिकोडमधली सगळी 'मार्क' जातीची चिन्हं काढून त्या जागी मोकळी जागा ठेवते. देवनागरीतल्या काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलंत या सगळ्यांची जात तीच. पडताळून बघायचं असेल तर:

```python
from transformers.models.whisper.english_normalizer import BasicTextNormalizer
n = BasicTextNormalizer()
print(n("घिऊन"), "|", n("घेऊन"))
print(n("हाय"), "|", n("होय"))
```

पहिल्या ओळीत दोन्हीकडे `घ ऊन` येतं, दुसऱ्या ओळीत दोन्हीकडे `ह य`. आजींची बोली आणि पुस्तकी मराठी यांतला अर्धा फरक मात्रांतच आहे, आणि मोजपट्टी नेमक्या त्याच पुसून टाकत होती. शिवाय एका शब्दाचे दोन-तीन तुकडे झाल्यानं शब्दांची गणतीही फुगली होती.

ती रीत काढून टाकली. आता फक्त विरामचिन्हं आणि जादा जागा काढतो, मात्रांना हात लावत नाही. चुकांचा आकडा वर गेला आणि खरा झाला. यापुढे मुख्य माप 'साठांपैकी किती कामं बरोबर झाली' हेच. आज सतरा.

१५ जुलै

पत्र्यावर पाऊस. जोराच्या सरीत काहीच ओळखलं जात नाही, आणि ते शिकवून सुधारणार नाही. पट्टी पडवीतून काढून सोप्यात भिंतीला, चुलीपासून अडीच मीटरवर लावली. मागे गोधडीची घडी ठेवल्यावर भिंतीवरून परतणारा आवाज कमी झाला.

२ ऑगस्ट

नातू पुण्याहून आला. त्यानं "लाईट नाही का?" विचारलं, तर यंत्रानं लिहिलं 'लाईट न्हाई का'. काम बरोबर झालं, पण लिहिणं चुकलं. नुसता आजींचाच आवाज शिकवल्यानं मॉडेल आधीचं विसरायला लागलंय; आता कुणीही बोललं की ते आजींसारखं लिहितं. पुढच्या वेळेपासून शिकवताना निम्मा साठा आजींचा, निम्मा मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या खुल्या साठ्यातल्या मराठी वाचनाचा.

११ सप्टेंबर

घरचे खूश आहेत. रोजच्या नोंदीप्रमाणे आजींनी सांगितलेल्या दहांतली सात कामं पहिल्याच बोलण्यात होतात. जूनमध्ये दोन होत होती. कुलपातली साठ वाक्यं आज पुन्हा लावली: चोवीस. म्हणजे दहाला चार.

दोन्ही आकडे खरे असतील तर मधे काहीतरी बदललंय, आणि ते मॉडेल नाही.

१३ सप्टेंबर

जूनच्या आणि या महिन्याच्या फायली शेजारी शेजारी ऐकल्या. जूनमध्ये: "ठकूबाय, वाईच रेडू लाव." सप्टेंबरमध्ये: "ठकूबाय. रेडिओ. लाव." प्रत्येक शब्द सुटा, मधे श्वास, आवाज चढा. 'वाईच' गेलंय, 'रेडू' गेलंय.

कानावर सोडून चालणार नाही म्हणून मोजलं. पुस्तकी मराठीत ज्यात ण येतो असे शब्द दोन्ही महिन्यांतून निवडले. जूनमधल्या ११२ पैकी १०४ ठिकाणी आजींनी न म्हटला होता. सप्टेंबरमधल्या ९५ पैकी ३७ ठिकाणीच न, बाकी सगळीकडे ण. हरिपाठातला ण यंत्राशी बोलताना यायला लागलाय.

यंत्र आजींची बोली शिकत होतं त्यापेक्षा कितीतरी वेगानं आजी यंत्राची बोली शिकल्या.

कारण घरातच आहे आणि त्यात कुणाचा वाईट हेतू नाही. यंत्र चुकलं की सूनबाई प्रेमानं म्हणतात, "आत्या, जरा नीट बोला, त्याला कळत न्हाई." नातूही फोनवरून तेच सांगतो. आणि यंत्रही तेच शिकवत होतं: चुकल्यावर 'परत सांगा' असं भरलेलं वाक्य वाजायचं, आणि परत सांगताना माणूस आपोआप सावकाश, सुटं आणि शुद्ध बोलतो. ते ओळखलं गेलं की पुढच्या वेळी आधीच तसं बोलायचं, हा धडा पक्का होतो.

नुकसान तिहेरी. जुलैनंतरच्या साठ्यात बोली कमी आणि वाचल्यासारखी मराठी जास्त भरली गेली, म्हणजे आपण मॉडेलला नको तेच शिकवत होतो. सुट्या शब्दांमुळे बोलणं संपलं असं यंत्राला मधेच वाटतं: ०.६ सेकंद शांतता झाली की ते ऐकणं थांबवायचं, त्यामुळे 'थोरलीला' एका फाइलीत आणि 'फोन लाव' दुसऱ्या. आणि तिसरं म्हणजे स्वतःच्या घरात, स्वतःच्या चुलीपाशी आजींना शब्द निवडून बोलावं लागतंय. हे काम त्यासाठी हाती घेतलं नव्हतं.

१४ सप्टेंबर

आजींना जूनची फाइल ऐकवली. त्या म्हणाल्या, "ती म्याच हाय व्हय? मग त्येला कळत न्हवतं, म्हनून मास्तरावानी बोलाय लागले."

ठरवलेले बदल. 'परत सांगा' हे वाक्य काढलं. चुकल्यावर फक्त एक बारीक टोला वाजेल. 'नीट बोला' घरात कुणी म्हणायचं नाही, हे सूनबाईंनी स्वतःहून कबूल केलं. शांततेची मर्यादा ०.६ वरून १.२ सेकंद केली. काम सुरू व्हायला ०.६ सेकंद जास्त उशीर लागतो, तो चालेल.

२२ सप्टेंबर

चुकलेल्या फायली आतापर्यंत बाजूला पडत होत्या. खरं सोनं त्यांच्यातच आहे. आजी एकदा सहज बोलतात, यंत्र चुकतं, मग त्या वीस-तीस सेकंदांत तेच काम पुस्तकी शब्दांत सांगतात, आणि ते ओळखलं जातं. म्हणजे दुसऱ्या फाइलीनं पहिलीचा अर्थ आयता दिलेला असतो.

एक जोडी पूर्ण लिहून ठेवतो. सकाळी ६:४२ ची फाइल: "मोटारीची लाईट आलीया का बग." यंत्रानं लिहिलं 'मोठ्याची लाईट आली का बघ', आणि 'मोठ्याची' कुठल्याच कामात बसेना म्हणून टोला वाजला. ६:४३: "मोटर. लाईट. आहे का." हे बरोबर ओळखलं. पहिली फाइल कानानं ऐकून 'मोटारीची लाईट आलीया का बग' अशी लिहिली आणि काम 'फेज बघ' असं जोडलं. दुसरी फाइल शिकवण्यात घेतली नाही. तिचं काम अर्थ सांगण्यापुरतंच.

जूनपासूनच्या नोंदी चाळल्यावर अशा २१४ जोड्या निघाल्या. वेळेतलं अंतर ४० सेकंदांच्या आत आणि दुसरं काम यशस्वी, एवढी अट लावली. यातल्या ३१ टाकाव्या लागल्या, कारण मधेच आजींचा बेत बदलला होता: रेडिओ मागत असताना दारात कुणी आलं आणि फोनचं काम निघालं. म्हणून जोडी यंत्रानं काढली तरी प्रत्येक जोडी माणसानं ऐकायलाच हवी.

६ ऑक्टोबर

सहज बोलण्याचा साठा वाढवायला दुसरी वाट. दुपारी शेजारच्या काकू शेंगा फोडायला येतात. दोघींच्या परवानगीनं आजींच्या पदराला छोटा माइक लावून गप्पा घेतल्या. यंत्र खोलीत नाही, त्यामुळे आजी यंत्राशी बोलत नाहीत, काकूंशी बोलतात. पहिल्या दहा मिनिटांत माइकचं भान असतं. ती दहा मिनिटं घेत नाही.

शेंगांच्या टरफलाचा कडकड आवाज माइकजवळ फार येतो. सूप आजींच्या उजवीकडून डावीकडे ठेवल्यावर आणि माइक उजव्या खांद्यावर लावल्यावर निभावलं. काकूंचा आवाज कापून टाकला. दोघी एकदम बोलतात ते तुकडेही टाकले. तासाभरातून कामाची २५ मिनिटं उरतात.

रेकॉर्डिंग संपल्यावर आजींना सगळं ऐकवतो. आज धाकलीच्या सासरबद्दलचा एक तुकडा त्यांनी पुसायला सांगितला. त्यांच्यासमोर पुसला आणि एसएसडीवरच्या प्रतीतूनही काढला.

१२ नोव्हेंबर

पुन्हा शिकवणं. आजींचा साठा ४ तास २० मिनिटं, तेवढंच कॉमन व्हॉइसचं. जुलै ते सप्टेंबरमधल्या सुट्या, पुस्तकी फायली काढल्या. साठांपैकी एकेचाळीस.

'वाईच' आता दरवेळी बरोबर. 'औंदा' अजून 'अंदाज' होतो, कारण साठ्यात तो तीनदाच आलाय. नुसता हा शब्द आजींकडून वीस वेळा म्हणवून घेता येईल, पण ते पुन्हा मास्तरासारखं बोलणं होईल. गप्पांमध्ये पीकपाण्याचा विषय निघाला की तो आपोआप येतो; थांबायचं.

३० नोव्हेंबर

ण-न पुन्हा मोजलं. ८८ पैकी ६९ ठिकाणी न. सप्टेंबरमधून परत येतंय, जूनइतकं नाही.

२१ डिसेंबर

पुसेगावच्या यात्रेच्या निमित्तानं आजींची धाकटी बहीण माणदेशातून आलीय. दोन दिवस दोघींच्या गप्पांत औंदा, गुदस्ता, तवा, मागल्या साली असा काळाचा सगळा हिशेब आला. एक तास दहा मिनिटं कामाचं निघालं. बहिणीनं यंत्राला स्वतः काम सांगून पाहिलं. पाचांपैकी तीन जमली. तिला कुणीही 'असं बोल, तसं बोल' सांगितलेलं नव्हतं.

२९ डिसेंबर

आणखी एकदा शिकवणं. साठांपैकी एकोणपन्नास. नातवाचं 'नाही' आता 'नाही'च लिहिलं जातं. उरलेल्या अकरांत सहा वाक्यं पावसातली आहेत. ती तशीच राहतील.

४ जानेवारी २०२६

संध्याकाळी ७:१० ची फाइल. आजी चुलीपुढं, काटवटीत पीठ, यंत्राकडे पाठ. भाकरी थापल्याचा आवाज वाक्याच्या खालून सलग येतोय आणि आजी त्यासाठी थांबलेल्या नाहीत:

"आगं ठकूबाय, वाईच थोरलीला फोन लाव, म्हनावं औंदा हुरड्याला ये."

यंत्रानं लिहिलं: वाईच थोरलीला फोन लाव म्हनावं औंदा उरड्याला ये.

फोन लागला. शेरा: पहिल्याच बोलण्यात, टोला नाही. 'उरड्याला' दुरुस्त करून 'हुरड्याला' लिहिलं, फाइल साठ्यात घेतली.